तपासणीनंतरचे साठ दिवस
(संस्थेच्या वार्षिक सभेत परिचारिका विभागाच्या वतीने केलेले निवेदन)



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा एक छोटा अभ्यास करण्यासाठी आम्ही अनुदानाचा अर्ज तयार केला आहे. त्या अर्जातील दोन भाग, म्हणजे अभ्यासाचे प्रयोजन आणि कार्ययोजना, आपल्यापुढे मांडण्याची अनुमती घेतो.

प्रथम प्रयोजन. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा अनेक वर्षांच्या पूर्वावस्थेतून जातो. त्या अवस्थेत तो सापडला तर साध्या उपचाराने थांबतो. शोधण्याची सोपी रीत अशी: गर्भाशयाच्या तोंडाला पाच टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. दोषी भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिका हे काम करू शकते.

याचा आधार आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत ही तपासणी करविली. 2013 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मात्र बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून झालेल्या अभ्यासात याच तपासणीच्या एकाच फेरीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. त्याच अभ्यासात विषाणूची चाचणी केलेल्या गटात मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून आमच्या अर्जात ‘आम्ही प्राण वाचवू’ असे विधान नाही. सहाशे स्त्रियांच्या एका फेरीतून ते सिद्ध होऊ शकत नाही, आणि तसे लिहिले तर जाणकार परीक्षक अर्ज बाजूला ठेवतील. विषाणूची चाचणी अधिक खात्रीची आहे. परंतु तिचा खर्च व प्रयोगशाळेची सोय या छोट्या अनुदानात बसत नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे: परिचारिकेने दोष दाखविल्यावर किती स्त्रिया साठ दिवसांच्या आत तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात व आवश्यक तो उपचार पूर्ण करतात? तपासणी कितीही अचूक असली तरी ही साखळी तुटली, तर त्या स्त्रीच्या पदरी केवळ भीती पडते.

आणखी एक गोष्ट. मुंबई व धाराशिव येथील अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांची तपासणी न केल्याबद्दल पुढे नैतिक वाद झाला. आमच्या अभ्यासात असा वंचित गट नाही. नीतिमत्ता समितीची लेखी संमती येईपर्यंत एकाही स्त्रीची तपासणी होणार नाही.

आता कार्ययोजना. सहाशे हा आकडा कोठून आला, असे आपण विचाराल. शंभरांतील आठ स्त्रियांत दोष दिसेल असे गृहीत धरले आहे. तेव्हा सहाशेत अठ्ठेचाळीस. त्यांपैकी पाऊणजणींनी उपचार पूर्ण केला, तर आमच्या उत्तरात दोन्ही बाजूंस सुमारे बारा टक्क्यांची अनिश्चितता राहील. तीनशेच स्त्रिया घेतल्या तर ती सतरा टक्क्यांवर जाईल आणि उत्तराचा उपयोग उरणार नाही. दोन परिचारिकांची जोडी दिवसाला दहा स्त्रियांची तपासणी नीट करू शकते. म्हणजे साठ दिवस. आठवड्यातून तीन दिवस धरले तर वीस आठवडे.

हे वीस आठवडे कोणते, हा खरा प्रश्न आहे. आषाढात डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांत भातलावणी असते. त्या दिवसांत शिबिर ठेवले तर कोणी येणार नाही. भातकापणी झाली की अनेक कुटुंबे नारायणगाव व मंचरच्या बागायती पट्ट्यात मजुरीस उतरतात. म्हणून डिसेंबरपासून निम्मी शिबिरे वाड्यांत आणि निम्मी मजुरांच्या मुक्कामाच्या जागी ठेवली आहेत. नोंदीच्या कागदावर पत्त्याखाली आम्ही एक ओळ वाढविली आहे: ‘बाई, दोन महिन्यांनी तुमचा मुक्काम कोठे असेल?’ पाठपुरावा त्या ठिकाणी होईल.

तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रिया अभ्यासात घेतल्या आहेत. पाळी गेल्यानंतर पाहण्याचा भाग आत सरकतो व ही तपासणी भरवशाची राहत नाही. अशा भगिनींना परत न पाठविता थेट तज्ज्ञांकडे नेले जाईल. गर्भवतींची तपासणी होणार नाही. अंगावरून रक्त जात असेल किंवा गाठ दिसत असेल, तर गणतीत न धरता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवणी होईल.

चूक कोठे होऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. आम्ल पातळ न करता लावले तर भाजते. म्हणून पाच मिलिलिटर आम्ल व पंच्याण्णव मिलिलिटर शुद्ध पाणी असे द्रावण रोज सकाळी दोघींनी मिळून करायचे, बाटलीवर तारीख लिहायची आणि सायंकाळी उरलेले ओतून द्यायचे. उजेड कमी असेल तर दोष सुटतो. साध्या सुजेनेही पांढरेपणा दिसतो व नवी परिचारिका घाबरून फार जणींत दोष दाखविते. म्हणून दोष दिसलेल्या सर्व स्त्रिया आणि निर्दोष ठरलेल्यांपैकी दर दहावी स्त्री तज्ज्ञ पुन्हा पाहतील. एखाद्या परिचारिकेच्या नोंदीत दोषाचे प्रमाण शंभरांत तीनहून कमी किंवा वीसहून अधिक आले, तर तिचे काम थांबवून तिला पुन्हा शिकविले जाईल. या मर्यादा आम्ही स्वतःवर घालून घेतल्या आहेत.

शेवटी हिशेबाविषयी. समजा, अठ्ठेचाळीसांपैकी छत्तीस जणींनी उपचार पूर्ण केला, चौघींनी नकार दिला आणि आठजणी सापडल्याच नाहीत. न सापडलेल्या वगळल्या तर चाळीसांत छत्तीस, म्हणजे नव्वद टक्के यश दिसते. खरा आकडा पंच्याहत्तर आहे. आमच्या अहवालात न सापडलेली स्त्री वगळली जाणार नाही; तिचा शोध कोठे संपला, हेही लिहिले जाईल.

अनुदानातील सर्वांत मोठी रक्कम उपकरणांसाठी नाही. ती तज्ज्ञांपर्यंतच्या प्रवासासाठी आणि त्या दिवशी बुडणाऱ्या मजुरीसाठी आहे. दोष दिसलेल्या बाईच्या हाती केवळ चिठ्ठी न देता, दिवस ठरवून, वाहनाची सोय करून आणि तिची इच्छा असल्यास आशा ताईंना सोबत देऊन तिला पाठवायचे आहे. विश्वस्त मंडळाने या अर्जावर सही करताना एक वचन द्यावे, ही आमची विनंती आहे: अनुदान संपल्यानंतरही ज्यांचे उपचार अपुरे असतील, त्यांचा खर्च संस्था उचलील. हे वचन नसेल तर आम्ही हा अर्ज पाठविणार नाही.