गल्लीचं उत्पन्न किती सांगायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचतर्फे गरजू मुलांची फी भरायची, असं सकाळच्या बैठकीत ठरलं. तेव्हा कुणीतरी विचारलं, "तुळजापुरातल्या घराचं सरासरी उत्पन्न किती धरायचं?" दहावीला बाईंनी मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवले होते. त्या धड्याचा आज उपयोग आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अकरा घरांची एक गल्ली आहे, असं समजा. आकडे माझ्या मनातले आहेत, पण घरं तुमच्या ओळखीची वाटतील. महिन्याचं उत्पन्न हजारांत असं आहे: ८, ९, १०, १०, १०, १२, १४, १८, २५, ४५ आणि १८०. पहिली घरं मजुरीवर किंवा हळद-कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा यांच्या छोट्या दुकानावर चालणारी. पंचेचाळीसवालं घर पगारदाराचं. शेवटचं लॉजमालकाचं.

बेरीज ३४१ हजार, भागिले अकरा, म्हणजे सरासरी ३१ हजार. पण अकरापैकी नऊ घरं या आकड्याच्या खाली आहेत. ३१ हजारांच्या आसपास कमावणारं घर गल्लीत एकही नाही. उद्या लॉजवर मजला चढला आणि मालकाचं उत्पन्न २९० हजार झालं, तर सरासरी थेट ४१ हजारांवर जाईल, आणि बाकी दहा घरांत एक रुपयाही जास्त आलेला नसेल.

मध्यक काढायला घरं चढत्या क्रमाने उभी करायची आणि मधलं, म्हणजे सहावं घर बघायचं: १२ हजार. लॉजवर मजला चढला तरी हा आकडा हलत नाही. 'इथलं साधारण घर किती कमावतं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मध्यकच द्यावा.

बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, इथे १० हजार. पण जरा सावध राहायला हवं. उत्पन्न विचारलं की माणूस गोल आकडा सांगतो. साडेनऊवालाही दहा म्हणतो, पावणेअकरावालाही दहाच म्हणतो. त्यामुळे बहुलकात कमाई किती आणि बोलण्याची सवय किती, हे कळत नाही. आकडे पाच-पाच हजारांच्या गटांत मांडावेत, मग गटांची सुरुवात बदलून पुन्हा मांडावेत. जास्त घरांचा गट दोन्ही वेळा साधारण तिथेच राहिला, तर विश्वास ठेवावा. बहुलक खरा शोभतो तो व्यवसाय किंवा रेशनकार्डाचा रंग अशा गोष्टींना, कारण त्यांची बेरीज करता येत नाही.

आता तुळजापूरची खास अडचण. उत्पन्न कोणत्या महिन्याचं विचारायचं? माळांच्या दुकानदाराला नवरात्र ते कोजागिरीच्या महिन्यात खर्च वजा जाता ५४ हजार सुटतात आणि उरलेले अकरा महिने सहा-सहा हजारच, असं धरा. या बारा महिन्यांचा मध्यक सहा हजार. पण घर वर्षभर चालतं ते नवरात्रातल्या शिलकीवरही. म्हणून इथे सरासरीच योग्य: वर्षाचे एक लाख वीस हजार भागिले बारा, महिन्याला दहा हजार. फॉर्म नवरात्रात भरून घेतला तर हेच घर श्रीमंत दिसेल, आणि पावसाळ्यात भरला तर आहे त्याहून गरीब. म्हणून विचारायचं ते वर्षाचं उत्पन्न, आणि गल्ल्यातली विक्री नव्हे, तर माल, भाडं, मजुरी वजा जाऊन हातात उरलेली रक्कम.

थोडक्यात, एका घराच्या बारा महिन्यांची सरासरी, आणि मग अनेक घरांचा मध्यक. हा क्रम उलटा करू नये.

मध्यकाच्याही मर्यादा आहेत. बारा हजारांना अकराने गुणून गल्लीचं एकूण उत्पन्न मिळत नाही, त्यासाठी सरासरीच हवी. आणि सर्वांत गरीब घराचे आठ हजार तीनवर आले, तरी मध्यक बाराच राहतो. आपल्याला तर नेमकं तेच घर शोधायचं आहे. म्हणून मध्यकाबरोबर खालच्या बाजूने पाव अंतरावरचं घरही बघावं. इथे ते तिसरं, १० हजारांचं.

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वापरा, असंही कुणी सुचवेल. तो आकडा म्हणजे जिल्ह्याचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या. तो घराचा नाही, माणशी आहे, आणि सरासरीच असल्यामुळे लॉजमालकाचा प्रश्न त्यातही आहेच.

तेव्हा समितीला माझी विनंती: अर्जात वर्षाचं निव्वळ उत्पन्न आणि घरातली खाणारी माणसं, दोन्ही विचारा. अर्ज चढत्या क्रमाने लावा आणि मदत खालून सुरू करा. ३१ हजारांची रेषा आखली असती, तर अकरापैकी नऊ घरं पात्र ठरली असती, आणि आपला निधी आठ हजारांच्या घरापर्यंत पोचण्याआधीच पंचवीस हजारांच्या घरात संपला असता.