टाच दुखते, कारण ती वाढते आहे

खो-खो खेळणारा दहा वर्षांचा एक मुलगा घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होते आणि पाठोपाठ रोजचा सरावही. दोनेक आठवड्यांत तो मैदानावरून लंगडत परतू लागतो, टाच टेकवायची नाही म्हणून चवड्यावर चालतो. रात्रभर विश्रांती मिळाली की सकाळी जवळजवळ बरा असतो. संध्याकाळी पुन्हा तेच. कुठे पडल्याचे आठवत नाही, सूजही दिसत नाही. मग घरात शंका येते, की सराव टाळायचे हे निमित्त तर नव्हे? निमित्त नव्हे. दुखणे खरे आहे.

या वयात टाचेचे हाड एकसंध नसते. त्याच्या मागच्या कडेला हाडाचा एक वेगळा तुकडा तयार होत असतो आणि मूळ हाड व तो तुकडा यांच्यामध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. तो तुकडा साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास मूळ हाडाशी पूर्ण जुळतो. पोटरीचा जाड स्नायुबंध नेमका इथेच येऊन चिकटतो. पायाचे हाड भराभर लांब होते, पोटरीचे स्नायू मागे पडतात आणि ताणलेले राहतात. प्रत्येक धावेत, प्रत्येक उडीत ते या कोवळ्या जागेला वर ओढतात, तर कठीण जमीन खालून तिच्यावर आदळते. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स वॉरन सेव्हर यांनी 1912 साली या दुखण्याचे वर्णन केले. तेव्हापासून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ओळखायची रीत साधी आहे. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून दाबली की मूल कळवळते. पुष्कळ मुलांच्या दोन्ही टाचा दुखतात.

एक्स-रेमुळे मात्र गोंधळ उडू शकतो. वाढत्या टाचेतला तो तुकडा फोटोत पांढराफटक, कधी फुटल्यासारखा दिसतो आणि पालक घाबरतात. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही, अशा मुलांच्या फोटोतही तो तसाच दिसतो. तेव्हा निदान बोटांनीच होते. एक्स-रे लागतो तो दुसरा आजार नाही ना, हे पाहायला. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, लाली, सूज किंवा पडल्यानंतर पाय टेकवताच न येणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

एरवी उपाय घरचेच आहेत. धावणे-उड्या इतक्या कमी करायच्या, की मूल लंगडणार नाही; खेळ पूर्ण बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. दोन्ही बुटांत टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटर जाडीची मऊ गादी घातली की पोटरीचा ताण ढिला पडतो. कळ ओसरली की भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी हळूहळू ताणायची. काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, आराम पडतो. पुढच्या हंगामात दुखणे परत येऊ शकते. ते आले तर पुन्हा हेच करायचे. कूर्चा हाडात जुळून गेली की ओढली जाणारी ती जागाच उरत नाही.