फोनवर घेतलेली ऑर्डर आणि फॉर्मवर आलेली ऑर्डर

आज बोलायचंय ते आमच्या गटाच्या पापड-कुरडयांच्या वेबसाइटबद्दल. वेबसाइट म्हटलं की पहिला प्रश्न खर्चाचा येतो, म्हणून आधीच सांगतो. गूगलचं Google Sites मोफत आहे, जीमेलचा पत्ता असला की झालं. पत्ता sites.google.com/view/ ने सुरू होतो आणि पुढे आपण निवडलेलं नाव येतं. पत्ता जरा लांबतो, पण व्हॉट्सअपवर लिंक पाठवायची तर त्यानं काही अडत नाही. तयार करायला मात्र कॉम्प्युटर लागतो. ग्रामपंचायतीतला किंवा शाळेतला दोन दुपारी मागून घ्या.

आम्ही तीनच पानं ठेवली. पहिल्या पानावर आपण कोण, कुठल्या गावच्या, काय करतो, एक फोन नंबर आणि खाद्यपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक. दुसऱ्यावर पदार्थ, फोटो आणि दर. तिसऱ्यावर ऑर्डर. दर फक्त दुसऱ्याच पानावर लिहायचे. दोन ठिकाणी लिहिले की एका ठिकाणी बदलायचे राहतात, आणि मग गिऱ्हाईक जुनाच दर धरून बसतं.

खरं काम तिसऱ्या पानावर आहे. फोनवर ऑर्डर घेताना आपण उलट विचारू शकतो, ‘ताई, कुठले पापड?’ फॉर्म उलट विचारत नाही. म्हणून प्रश्नच असे हवेत की अर्धवट उत्तर देताच येऊ नये. ‘काय हवंय ते लिहा’ अशी मोकळी जागा ठेवली तर ‘पापड पाठवा’ एवढंच येतं. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थाचा वेगळा प्रश्न करा, आणि उत्तरात नको, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो असे पर्याय द्या. नाव, मोबाइल, पिनकोडसह पत्ता आणि कधीपर्यंत हवं, या चार प्रश्नांना Required करा, म्हणजे ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

मोबाइलचा एक अंक चुकला तर ऑर्डर हाती असून माणूस सापडत नाही. त्याला उपाय आहे. त्या प्रश्नाच्या तीन टिंबांत Response validation आहे. तिथे Number, मग Between निवडा आणि 6000000000 ते 9999999999 हे आकडे भरा. आता नऊ अंकी नंबर फॉर्म घेणारच नाही. शेजारच्या चौकटीत आपल्या भाषेत लिहा, ‘दहा अंकी नंबर लिहा, पुढे शून्य किंवा 91 नको.’

फॉर्मच्या वर ऑर्डर कशी पुरी होते ते लिहायचं, कारण फॉर्म पैसे घेत नाही आणि बेरीजही करत नाही. आम्ही लिहिलंय: फॉर्म भरा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमचा फोन येईल, त्यात एकूण रक्कम सांगू, निम्मी आगाऊ आली की माल बांधू. समजा कुणी दोन किलो नाचणीचे पापड आणि एक किलो कुरडई मागितली. पापड 340 रुपये किलो म्हणजे 680, कुरडई 400, कुरिअर 120, एकूण 1200. आगाऊ 600. कुरिअरचा आकडा पत्ता पाहिल्यावरच कळतो, म्हणून फोन लागतोच. फॉर्म पाठवला म्हणजे ऑर्डर पक्की झाली, असं गिऱ्हाइकाला वाटू देऊ नका. फॉर्म गेल्यावर दिसणाऱ्या Confirmation message मध्येही हेच लिहा.

आता दोन अडचणी. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुमचा फॉर्म लॉगिन मागतोय.’ बहुतेक वेळा फॉर्ममध्ये फाइल जोडायचा प्रश्न असतो, नाहीतर Limit to 1 response चालू असतं. दोन्ही काढून टाका. आणि हे आपल्या फोनवर कधीच दिसत नाही, कारण आपण आधीच लॉगिन असतो. जिच्या फोनमध्ये आपला जीमेल नाही, अशा बाईच्या फोनवर उघडून बघा. दुसरी अडचण म्हणजे दर बदलले तरी लोकांना जुनेच दिसतात. प्रत्येक बदलानंतर Publish पुन्हा दाबावं लागतं, नाहीतर बदल आपल्यालाच दिसतो.

ऑर्डर आली हे कळायला Responses मधल्या तीन टिंबांत Get email notifications for new responses चालू करा. ईमेल रोज बघणारी एक जण ठरवा. सगळ्यांनी बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही. उत्तरांची शीट मात्र गटाच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात परक्या बायकांचे पत्ते आणि नंबर असतात. बांधणाऱ्या सखीला नुसतं पदार्थ आणि वजन वहीत उतरवून दिलं तरी पुरतं.

मृगाचा पाऊस लागला की कुरडया वाळत नाहीत. त्या दिवसापासून कुरडईचा प्रश्न फॉर्ममधून काढायचा आणि दराच्या पानावर तिच्यापुढे ‘आता चैत्रात’ असं लिहायचं.