मान कोठे राहतो?



स्मरणिकेसाठी येणारे दुखवट्याचे मजकूर तपासण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांतील एक वाक्य पाहा. नावे बदलली आहेत. 'गोविंदराव गावी आले व त्याने विहीर बांधली.' आरंभीचा मान पुढे हरपला. 'आले' कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून मान त्यातच दिसतो. 'बांधली' मात्र विहिरीप्रमाणे चालते. कर्ता नातू असो वा आजोबा, ते बदलत नाही. तेथे मान उरतो तो 'त्यांनी' किंवा 'गोविंदरावांनी' या रूपातच. 'गोविंदरावाने' लिहिले की तो गेला.

त्याच मजकुराचा शेवट अधिक बोचला: 'त्यांच्या मागे पत्नी यमुनाबाई ही आहे.' पतीस 'ते' आणि सत्तरीच्या पत्नीस 'ही'! आम्ही 'यमुनाबाई या आहेत' असे केले. तेव्हा मुलाने विचारले, "गुरुजी, घरी आम्ही 'आई आली' म्हणतो, तो अनादर काय?" मुळीच नव्हे, 'आई' या शब्दाशी एकवचन मायेचे आहे. परंतु छापील पानावर नावाने उल्लेख झाला की 'यमुनाबाई आल्या', 'यमुनाबाईंनी सांगितले' असेच हवे.

मुलाने मजकूर पुन्हा लिहून आणला. त्यात एक वाक्य नवे होते: 'विहिरीसाठी यमुनाबाईंनी आपल्या पाटल्या दिल्या.'