अर्धा उघडा वॉल आणि वरच्या वाडीचं पाणी



आज आपण बोलणार आहोत नळयोजनेच्या वॉलबद्दल. दुकानात आणि बिलावर त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. गावाच्या पाणी समितीत निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असं जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. म्हणजे व्हॉल्व्ह खरेदीच्या ठरावावर आपल्यापैकी अनेकींची सही होते. पण बिलावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं, ‘दोन इंची व्हॉल्व्ह, एक नग’. कोणता व्हॉल्व्ह, ते कुणी विचारत नाही. वरच्या वाडीला पाणी का चढत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्या न विचारलेल्या प्रश्नातच असतं.

आपल्याला नेहमी लागणारे व्हॉल्व्ह तीन, गेट, बॉल आणि ग्लोब. आधी त्यांच्या पोटात काय आहे ते पाहू.

गेट व्हॉल्व्हच्या पोटात एक पाचर असते. कॅनॉलच्या दाराची लोखंडी फळी जशी वर उचलतात आणि खाली सोडतात, तशीच ही पाचर चाक फिरवलं की वर-खाली होते. पूर्ण वर गेली की पाण्याच्या वाटेत काहीच उरत नाही, पाणी सरळ जातं. मोठ्या लाइनवर बिडाचा जो स्लूस व्हॉल्व्ह असतो, तो याच घराण्यातला.

बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा असतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की भोक समोर येतं आणि पाणी चालू होतं. दांडी आडवी केली की पाणी बंद. पाव फेऱ्यात काम होतं आणि चालू आहे की बंद, हे लांबूनही दिसतं.

ग्लोब व्हॉल्व्ह समजून घ्यायचा तर वायसरचा जुना पितळी नळ आठवा. त्या नळात वायसर वरून खाली येऊन एका गोल भोकावर बसतो. ग्लोबमध्येही तसंच आहे. आत एक आडवी भिंत, तिला गोल भोक, आणि त्यावर झाकणासारखी खाली येणारी चकती. पाणी खालून येतं, भोकातून वर चढतं आणि पुन्हा खाली वळून पुढे जातं.

आता मुख्य गोष्ट. गेट आणि बॉल हे फक्त उघडण्या-बंद करण्यासाठी आहेत. पाणी कमी-जास्त करायला ग्लोबच लागतो. असं का, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, टेकडीवर टाकी आहे. तिथून तीन इंची लाइन खाली येते आणि तिला दोन फाटे फुटतात. दोन्ही फाटे दोन इंची. एक खालच्या आळीला जातो, दुसरा वरच्या वाडीला. दोन्हीकडे वीस-वीस घरं आणि पाणी रोज एक तास. खालच्या आळीत १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. वरच्या वाडीत तीच बादली भरायला पावणेचार मिनिटं लागतात. म्हणजे खाली मिनिटाला १२ लिटर आणि वर ४ लिटर. तासाभरात खालच्या घराला ७२० लिटर मिळतं, वरच्या घराला २४०. जलजीवन मिशनचं मोजमाप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर हवं. टाकीत पाणी आहे, लाइनही ठीक आहे, तरी वरच्या वाडीला ते पुरत नाही.

अशा वेळी पाणी सोडणारा काय करतो? खालच्या फाट्यावरचा गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो. पण अर्धं चाक फिरवूनही फारसा फरक पडत नाही, कारण पाचर अर्धी खाली आली तरी उरलेल्या वाटेतून बरंचसं पाणी जातच राहतं. मग तो आणखी फिरवतो. अगदी शेवटी, चंद्रकोरीएवढी फट उरली की पाणी एकदम कमी होतं. तिथे चाक जरा फिरलं तरी खालची आळी कोरडी पडते, आणि उलट फिरलं की वरची. आज एक आळी भांडते, उद्या दुसरी. पाणी सोडणाऱ्याला दोघींचे बोल खावे लागतात, पण दोष त्याच्या हाताचा नसतो.

दुसरं नुकसान आत चाललेलं असतं. त्या फटीतून पाणी फार जोरात जातं. बरोबर बारीक रेती असली तर पाचरीची खालची कड झिजत जाते. पाचर खाली टेकलेली नसते, म्हणून ती थरथरते आणि व्हॉल्व्हजवळ खडखड ऐकू येते. पाचर जिथे बसते त्या खाचेत गाळ साठतो. काही महिन्यांनी दुरुस्तीसाठी लाइन बंद करावी म्हटलं, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग कुणीतरी चाकाला पाइप अडकवून जोर लावतो आणि आतला दांडा तुटतो. चाक नुसतं गरगर फिरतं आणि पाचर खाली अडकून राहते.

बॉल व्हॉल्व्ह अर्धा ठेवला तरी असंच होतं. त्याच्या गोळ्याभोवती मऊ टेफ्लॉनच्या कड्या असतात. अर्ध्या उघड्या गोळ्यातून पाण्याची धार तिरकी येते आणि कडीची एकच बाजू खाते. मग बंद केल्यावरही पुढे पाणी झिरपत राहतं.

ग्लोबमध्ये चकती आणि भोक यांच्यामधली फट सगळीकडून सारखी असते. चाक जितकं फिरवाल तितकी चकती थोडी-थोडी वर येते आणि पाणी बेताबेताने वाढतं. तो अर्धा ठेवण्यासाठीच बनवलेला आहे.

म्हणून वरच्या उदाहरणात खालच्या फाट्यावर दोन व्हॉल्व्ह एकापुढे एक बसवायचे. टाकीच्या बाजूला गेट किंवा बॉल, आणि त्याच्या पुढे ग्लोब. रोजचं चालू-बंद पहिल्याने करायचं. ग्लोब एकदा बेतून ठेवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. पुढे ग्लोब दुरुस्त करायचा झाला, तर पहिला व्हॉल्व्ह बंद करून तो उघडता येतो.

बेतायचा कसा? एक बाई खालच्या आळीत आणि एक वरच्या वाडीत, दोघींकडे सारखी बादली आणि मोबाइलचं घड्याळ. त्या वेळी रोजच्यासारखे सगळ्यांचे नळ चालू हवेत, नाहीतर माप चुकेल. ग्लोबचं चाक अर्धा फेरा बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग दोघींनी बादली मोजा. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा दहा मिनिटं. दोन्हीकडे बादली साधारण दोन मिनिटांत भरू लागली की थांबा. आता दोन्हीकडे मिनिटाला साडेसात लिटर, म्हणजे तासाला ४५० लिटर येतं. खालच्या आळीचं पाणी कमी झालं हे खरं, पण तिलाही गरजेपेक्षा जास्तच मिळतं. त्यानंतर चाक पूर्ण बंद करत किती फेरे होतात ते मोजा, तेवढेच फेरे परत उघडा आणि तो आकडा चेंबरच्या झाकणाखाली रंगाने लिहून ठेवा. कुणी चाक हलवलं, तरी पुन्हा जागेवर आणता येईल.

मग सगळीकडे ग्लोबच का बसवू नये? कारण त्याच्या पोटातल्या वळणांत पाण्याचा जोर खर्च होतो. पूर्ण उघडा दोन इंची ग्लोब पाण्याला साधारण १७ मीटर पाइपाइतका अडवतो. गेट अडवतो अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. खालच्या फाट्यावर जोर जास्तच असतो, तिथे हा खर्च चालतो. पण वरच्या वाडीच्या फाट्यावर ग्लोब बसवला, तर मुळात कमी असलेला जोर आणखी घटेल. तिथे गेट किंवा बॉलच हवा आणि तो पूर्ण उघडा हवा. शिवाय ग्लोबच्या वळणात काडी-कचरा अडकतो, म्हणून टाकीच्या तोंडाला जाळी असू द्या. आणि टाकीतच पाणी कमी असेल, तर कोणताही व्हॉल्व्ह ते वाढवत नाही. तो फक्त वाटून देतो.

बॉल व्हॉल्व्हची एक वेगळी काळजी आहे. दोन इंची लाइन ५०० मीटर लांब असेल तर तिच्यात जवळजवळ १,००० लिटर पाणी असतं, म्हणजे एक टन वजन धावत असतं. दांडी झटक्यात आडवी केली की ते वजन एकदम थांबतं, पाइपात धाड असा आवाज येतो आणि जोड सुटतात. म्हणून दांडी वीस अंक मोजत हळूहळू फिरवा. जो बॉल व्हॉल्व्ह रोज लागत नाही तो महिन्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर क्षार धरून तो जाम होतो.

आता दुकानातली ओळख. गेट आणि ग्लोब दोघांनाही वर गोल चाक असतं, म्हणून फसगत होते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करून उजेडाकडे धरा आणि आरपार पाहा. पलीकडचं सरळ दिसलं तर तो गेट. मध्ये भिंत आडवी आली तर तो ग्लोब. ग्लोबचं पोट गोलसर असतं आणि अंगावर बाण असतो. पाणी ज्या दिशेला जाणार, तिकडेच बाणाचं टोक ठेवून तो बसवायचा. पितळी घेणार असाल तर गेट आणि ग्लोब दोन्हींसाठी आयएस ७७८ हे मानक आहे. तो आकडा आणि आयएसआय खूण पाहून घ्या.

बिलावर मात्र तीन गोष्टी लिहून घ्या, प्रकार, माप आणि तो किती दाब सोसतो. आणि या आठवड्यात आपल्या गावातले चेंबर उघडून पाहा. कोणता व्हॉल्व्ह अर्धा ठेवलाय आणि तो ग्लोब आहे का, एवढंच बघा. नसेल तर एक तपासणी करा. तो पूर्ण बंद करा आणि पुढच्या पाइपातलं पाणी निथळेपर्यंत थांबा. त्यानंतरही सगळ्यात खालच्या नळाला धार चालूच राहिली, तर त्याची पाचर झिजली आहे किंवा खाचेत गाळ बसला आहे, असं समजा. चाकाला पाइप लावून जोर करू नका. समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय मांडा आणि ठरावात नुसतं ‘व्हॉल्व्ह’ न लिहिता ‘खालच्या फाट्यावर दोन इंची गेट एक, ग्लोब एक’ असं लिहा.