तिसरी परवानगी

2022 च्या जानेवारीत भोपाळच्या बागसेवनिया भागात घराबाहेर असलेल्या चार वर्षांच्या मुलीवर भटक्या कुत्र्यांची टोळी तुटून पडली. एका वाटसरूने धावून येऊन कुत्री हाकलली, म्हणून तिचा जीव वाचला. टोळीपुढे एवढ्याशा मुलाची कोणतीही शिकवण टिकत नाही. तेथे हाताच्या अंतरावर मोठे माणूसच हवे. परंतु एकट्या, अनोळखी कुत्र्याशी कसे वागावे, हे मात्र मुलाला शिकविता येते.

पहिला नियम असा की, धनी जवळ नसेल त्या कुत्र्याला हात लावावयाचा नाही. धनी जवळ असला, तरी खाणारे, झोपलेले, खुंटीला बांधलेले वा पिलांपाशी बसलेले कुत्रे वर्ज्यच.

आता समजा, मोठ्या तलावाच्या काठी एक गृहस्थ साखळीला धरून कुत्रे फिरवीत आहेत आणि पाच वर्षांच्या मुलाला ते कुरवाळावेसे वाटते. त्याने प्रथम आईला विचारावे, मग त्या गृहस्थांना. तिसरी परवानगी खुद्द कुत्र्याची. मुलाने तीन पावलांवर, अंग थोडे वळवून, हात खाली सोडून उभे राहावे. नाकाशी हात नेऊ नये आणि डोळ्यांत रोखून पाहू नये. कुत्रे सैल अंगाने आपण होऊन जवळ आले, तर परवानगी मिळाली. न आले, तर नाही.

परवानगी मिळाल्यावर खांद्यावरून किंवा छातीच्या बाजूवरून हळूच हात फिरवावा. डोक्यावरून हात नेणे, मिठी मारणे वा तोंडाजवळ तोंड नेणे टाळावे. तीन अंक मोजून हात काढावा. कुत्रे पुन्हा अंग लावील, तर पुढे चालू ठेवावे. ते तोंड फिरवील, ओठ चाटील, जांभई देईल, ताठ होईल किंवा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल, तर त्याला पुरे झाले असे समजावे. शेपूट हलते आहे एवढ्यावर विसंबू नये. ताठ अंगाने हलणारी शेपूट मैत्रीची नसते. निघताना न धावता, बाजूने मागे सरावे.

मोकळे कुत्रे अंगावर आले, तर झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. हात अंगाशी, नजर पायांकडे. किंकाळी आणि धाव यांनी पाठलाग वाढतो. पडल्यास पोटाशी गुडघे घेऊन कान व मान हातांनी झाकावी. हे सारे घरी खेळातून घोटून घ्यावे. वडिलांनी कुत्रे व्हावे आणि मुलाने झाड.

शेवटची गोष्ट मुलाच्या मनातील भीतीची. कुत्र्याला छेडल्याबद्दल मार बसेल या धास्तीने मूल ओरखडा लपविते आणि तेच घातक ठरते; कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून ‘सांगितलेस तर कोणी रागावणार नाही’ हे वचन आधीच द्यावे आणि पाळावे. दात वा नख लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद-तिखट लावू नये आणि लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.