कारण नको, कलम लिही

मी कोड लिहितो, पण घरचा धंदा मसाल्यांचा. मागच्या वर्षी एका वितरकाशी करार संपवायचा होता, ते पत्र बाबांनी माझ्यावर सोपवलं.

मी आधी तक्रारीच लिहिल्या. पेमेंट उशिरा, दुकानं सुटली वगैरे. बाबांनी सगळं खोडलं. "कारण लिहिलंस की ते सिद्ध करावं लागतं. कलम लिही." आमच्या करारात कारण न देता ६० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडता येत होतं. दिवस पत्र मिळाल्यापासून मोजायचे, म्हणून स्पीड पोस्टाची पोच जपून ठेवली.

पत्रात पुढे दोनच गोष्टी होत्या. एक, ठरल्या तारखेला गोदामात दोघांनी मिळून माल मोजायचा, बॅच आणि एक्स्पायरीसकट, आणि यादीवर दोघांच्या सह्या. दोन, हिशेब त्या यादीनंतरच. त्यांच्याकडे येणं ३,४०,००० होतं. परत आलेला चांगला माल १,१०,०००, त्याची क्रेडिट नोट. स्कीमचे १८,००० आणि डिपॉझिटचे २,००,००० वजा. उरले १२,०००.

ते मिळाल्यावरच 'परस्पर काही येणं-देणं नाही' या कागदावर सह्या झाल्या. वितरककाका आजही दिवाळीला फोन करतात. माझा पहिला मसुदा गेला असता, तर केला असता का?